आयपी ६७ चा अर्थ: ई-स्कूटर, साचलेले पाणी आणि धुण्याचा पाइप

विजेवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटरांच्या माहितीपत्रकात ‘आयपी ६७’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात आणि त्यांचा अर्थ विचारला, तर विक्रेता सांगतो की बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी तिला काही होत नाही. तीच स्कूटर घरी आणून तिच्यासोबतची पुस्तिका उघडली, की गाडी प्रेशर पंपाने धुऊ नये, साचलेल्या पाण्यातून वेगाने नेऊ नये, धुतल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये, अशा सूचना वाचायला मिळतात. जी वस्तू मीटरभर पाण्यात बुडून राहू शकते तिला धुण्याच्या फवाऱ्याची आणि वीतभर डबक्याची भीती का असावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. कंपनी एका हाताने आश्वासन देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते, असा संशयही काही ग्राहकांना येतो. प्रत्यक्षात दोन्ही विधाने खरी असू शकतात, कारण आयपी अंक हे ठरावीक परिस्थितीत घेतलेल्या ठरावीक परीक्षेचे गुण आहेत आणि रस्त्यावरच्या पाण्याची परिस्थिती त्या परीक्षेपेक्षा बरीच वेगळी असते.

दोन अंक, दोन वेगळ्या परीक्षा

हे अंक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून आले असून भारतात तेच मानक आयएस/आयईसी ६०५२९ या नावाने स्वीकारलेले आहे. विद्युत उपकरणाच्या बाहेरील कवचातून धूळ आणि पाणी किती आत शिरते, एवढेच हे मानक तपासते. पहिला अंक धुळीसारख्या घन पदार्थांचा असतो आणि तो ० ते ६ पर्यंत जातो. दुसरा पाण्याचा असतो आणि तो ० ते ९ पर्यंत जातो. ‘आयपी ६७’ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे आणि ७ म्हणजे पाण्यात तात्पुरते बुडवल्यावर बिघाड न होणे. एखाद्या अंकाच्या जागी ‘एक्स’ लिहिलेला असेल, जसे ‘आयपीएक्स ५’, तर त्याचा अर्थ शून्य गुण असा नसून त्या बाबीची नोंद केलेली नाही असा असतो.

पाण्याच्या परीक्षांपैकी स्कूटरधारकाच्या उपयोगाच्या चार-पाचच आहेत आणि त्या सोबतच्या चौकटीत दिल्या आहेत.

> चौकट: दुसरा अंक काय तपासतो
>
> ४ – कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे.
>
> ५ – ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार, अडीच ते तीन मीटर अंतरावरून, किमान तीन मिनिटे.
>
> ६ – १२.५ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाण्याची धार, तेवढ्याच अंतरावरून.
>
> ७ – वस्तूचे तळटोक पृष्ठभागापासून एक मीटर खाली राहील अशा रीतीने ३० मिनिटे बुडवणे. (फार उंच वस्तूंसाठी मोजमाप वेगळे.)
>
> ९ – सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा ८० ते १०० बार दाबाचा फवारा, हातभरापेक्षाही कमी अंतरावरून.

या यादीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी ठाऊक असलेला नियम असा, की ६ पर्यंतचे अंक चढत्या भाजणीचे आहेत, परंतु ७ पासून ती भाजणी तुटते. ज्या वस्तूला ६ मिळाला ती ५ आणि ४ च्या परीक्षाही पार करते, असे मानकच गृहीत धरते. मात्र ज्या वस्तूला ७ मिळाला ती ५ किंवा ६ मध्ये उत्तीर्ण होईलच, असे ते मुळीच गृहीत धरत नाही. स्थिर पाण्याचा सर्व बाजूंनी येणारा सारखा दाब सोसणे आणि एकाच जागी आदळणारी धार सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्थिर दाबाखाली रबरी गॅसकेट अधिक घट्ट बसू शकते, तर कडेवर तिरकी बसणारी धार त्याच गॅसकेटची ओठाळी उचलून पाण्याला वाट करून देऊ शकते. म्हणून ज्या भागाने दोन्ही परीक्षा दिल्या आहेत त्यावर ‘आयपी ६६/आयपी ६७’ अशी दुहेरी खूण केली जाते. माहितीपत्रकात केवळ ६७ लिहिलेले असेल, तर धारेबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही असेच समजावे लागते.

दुसरी बारीक गोष्ट मानकाच्या शब्दरचनेत आहे. सातव्या अंकासाठी पाणी आत जाताच कामा नये अशी अट नसून, अपाय होईल इतके पाणी आत जाऊ नये अशी अट आहे. काही थेंब आत गेले आणि ते विद्युत भागांपर्यंत पोहोचले नाहीत, तरी उपकरण उत्तीर्ण होऊ शकते.

गुण कोणाचे: बॅटरीचे की स्कूटरचे?

स्कूटर ही एकच पेटी नाही. तिच्यात बॅटरीची पेटी, मोटर, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर, दर्शनी पडदा, हँडलवरची बटणे, चार्जिंगचे तोंड आणि या सर्वांना जोडणारे डझनावारी कनेक्टर असतात. प्रत्येकाचे कवच वेगळे आणि म्हणून प्रत्येकाचा आयपी अंकही वेगळा असू शकतो. ठळक अक्षरांतला अंक बहुधा बॅटरीचा असतो. भारतात दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस १५६ हे वाहन-मानक लागू आहे. एआयएस मानकांचे कामकाज पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, या संस्थेतून चालते. २०२२ सालच्या उन्हाळ्यात ई-स्कूटरांना लागलेल्या आगींनंतर हे मानक कडक करण्यात आले आणि बॅटरीच्या पेटीने बुडवण्याची, म्हणजे आयपीएक्स ७ ची, परीक्षा देणे त्यात आले. त्यामुळे नव्या स्कूटरची बॅटरी ६७ ची असणे ही आता विशेष फुशारकीची बाब राहिलेली नाही. मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांचे अंक कोणते, हा प्रश्न विक्रेत्याला विचारणे अधिक उपयुक्त आहे. या प्रश्नाचे उत्तर दुकानात क्वचितच तयार असते, ही गोष्टही काही सांगून जाते.

पाण्यात स्कूटर बंद पडली की विजेचा धक्का बसेल, ही भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी आहे. आपल्याकडील अनेक स्कूटरांमध्ये १४ लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६५ व्होल्ट धरला तर एकूण सुमारे ५१ व्होल्ट होतात आणि पूर्ण भारित अवस्थेत, सेलमागे ४.२ व्होल्टप्रमाणे, ५८.८ व्होल्ट. एकदिश प्रवाहासाठी ६० व्होल्टची मर्यादा वाहन-मानके धोक्याची रेषा मानतात आणि ही रचना तिच्या आत राहते. जिवाला खरा धोका असतो तो घराच्या भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टचा, म्हणजे चार्जरच्या बाजूचा.

परीक्षेत नसलेल्या दोन गोष्टी: वेग आणि उष्णता

सातव्या अंकाची परीक्षा घेताना पाणी स्थिर असते आणि वस्तू हलत नसते. पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा अधिक फरक नसावा, अशीही अट असते. रस्त्यावर या दोन्ही अटी मोडतात आणि त्या मोडल्याने नेमके काय होते, ते पाण्याच्या उंचीच्या मापात मांडता येते. एक मीटर खोल पाण्याचा दाब हा परीक्षेचा दाब आहे. त्यामुळे प्रत्येक अतिरिक्त दाब ‘जणू एवढे सेंटिमीटर अधिक खोल बुडवले’ असा मोजला, तर तुलना सोपी होते.

प्रथम वेग पाहू. चालती गाडी पाण्यावर आदळते, तेव्हा समोरच्या पृष्ठभागावर जो दाब निर्माण होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, हा दाब सुमारे १० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. ताशी १० किलोमीटरला तो ३९ सेंटिमीटर होतो, २० ला दीड मीटरच्या वर जातो आणि ३० ला साडेतीन मीटर. वीतभर खोल डबक्यातून ताशी २० च्या वेगाने गाडी काढणाऱ्याने, निदान समोरून मार बसणाऱ्या सांध्यांपुरती, परीक्षेची मर्यादा ओलांडलेली असते. गाडी किती खोल पाण्यात आहे याची चिंता सगळे करतात. त्या पाण्यातून ती किती वेगाने जात आहे याची चिंता मात्र फार थोडे करतात. वस्तुतः दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

धारेच्या परीक्षांचा वेगही याच हिशेबाने काढता येतो. पाचव्या अंकाच्या परीक्षेत नळीच्या तोंडाशी पाण्याचा वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर असतो, सहाव्याच्या परीक्षेत सुमारे ४९. म्हणून डबक्यातून जाण्याच्या दृष्टीने मोटरवर ६७ पेक्षा ६६ चा अंक असणे काही वेळा अधिक आश्वासक ठरते. दोन्ही असतील तर उत्तमच.

उष्णतेचा परिणाम कमी परिचयाचा आहे. गरम भाजीने भरलेला स्टीलचा डबा झाकण घट्ट लावून ठेवला, की गार झाल्यावर झाकण निघता निघत नाही; आतली हवा आकसून तिचा दाब कमी झालेला असतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. तापलेली मोटर पाण्यात गेली की तिच्या आतल्या हवेचे हेच होते. आतला दाब घटतो आणि एखादी फट असेल, तर तिच्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मोटरच्या आतली हवा ८० अंशांवर आहे आणि पाण्याने ती ३० अंशांपर्यंत उतरली असे धरले, तर दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, आणि ही घट जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकी आहे. बॅटरीचा हिशेब सौम्य आहे: ४५ अंशांवरून २७ अंशांवर उतरताना दाब साडेपाच-सहा टक्क्यांनी, म्हणजे साठेक सेंटिमीटर पाण्याइतका, घटतो. शिवाय बॅटरी जड असल्याने ती हळूहळू गार होते आणि डबके ओलांडण्याच्या मिनिटभरात तिच्यात फारसा फरक पडत नाही. गाडी पाण्यात बंद पडून अर्धा तास उभी राहिली, तर मात्र हा फरक कामाला लागतो.

हे टाळण्यासाठी चांगल्या बॅटरीच्या पेटीला एक श्वासछिद्र दिलेले असते. त्यावर अतिसूक्ष्म छिद्रांचा, पाण्याला न धरणारा प्लास्टिकचा पडदा बसवतात; त्यातून हवा ये-जा करते, पण पाण्याचे थेंब पृष्ठताणामुळे त्या छिद्रांत शिरू शकत नाहीत. दिवसभराच्या तापण्या-निवण्यात हा पडदा दाब सारखा ठेवतो आणि गॅसकेटवरचा ताण वाचवतो. परंतु पेटी पाण्याखाली गेली की पडद्याबाहेर हवाच उरत नाही, त्यामुळे नेमक्या त्या वेळी त्याला श्वास घेता येत नाही आणि सगळा भार गॅसकेटवर येतो.

एका उड्डाणपुलाचा हिशेब

ही मापे एकत्र केली म्हणजे काय दिसते, ते एका कल्पित पण नेहमीच्या प्रसंगावरून पाहता येईल. मागच्या चाकातच मोटर बसवलेली, म्हणजे हब मोटरची, एक स्कूटर घेऊ. तिचा टायर ९०/९०-१२ या मापाचा आहे. बारा इंची रिम आणि तिच्या दोन्ही बाजूंना ८१ मिलिमीटर उंचीचा टायर मिळून चाकाचा व्यास सुमारे ४७ सेंटिमीटर होतो, म्हणून चाकाचा आस जमिनीपासून साधारण २३ सेंटिमीटर उंचीवर येतो. मोटरच्या तारा या आसाजवळूनच बाहेर पडतात आणि हब मोटरचे ते सर्वांत नाजूक ठिकाण आहे. मोटरचा व्यास २५ सेंटिमीटर धरला, तर तिचा खालचा काठ जमिनीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर राहतो.

दोघांना घेऊन ही स्कूटर जुलैतल्या संध्याकाळी लांबलचक उड्डाणपूल चढते, मोटर तापते आणि पलीकडे उतरताच सखल भागात २० सेंटिमीटर पाणी लागते. मोटरचा खालचा काठ त्या पाण्यात १० सेंटिमीटर बुडतो, म्हणजे खोलीमुळे येणारा दाब दहा सेंटिमीटरचाच आहे. चालक ताशी २० च्या वेगाने पाण्यात शिरला, तर वेगामुळे दीड मीटरची भर पडते आणि मोटर भराभर गार झाली, तर आतल्या ओढीमुळे आणखी दीड मीटरपर्यंतची. मोटरच्या प्रत्येक सांध्यावर हे तिन्ही दाब एकाच वेळी पूर्ण बसतात असे नाही; तरीही प्रमाण ध्यानात येते. तीन मीटरांच्या आसपासच्या बेरजेत पाण्याच्या प्रत्यक्ष खोलीचा वाटा दहा सेंटिमीटर आहे. त्यातच वेगामुळे उठणारी लाट २३ सेंटिमीटरवरच्या तारांच्या तोंडापर्यंत पोहोचते, जे शांत पाण्यात कोरडे राहिले असते.

तीच स्कूटर पाण्याच्या अलीकडे पाच-दहा मिनिटे उभी करून चालण्याच्या वेगाने नेली, तर वेगाचा वाटा दहा सेंटिमीटरवर येतो आणि उष्णतेचाही बराच घटतो. यावरून व्यवहारातला नियम असा निघतो, की पाणी चाकाच्या आसाच्या खाली असेल तर चालण्याच्या वेगाने, मध्ये न थांबता आणि शेजारून जाणाऱ्या बसची लाट टाळून जावे. पाणी आसापर्यंत आले असेल, तर वाट बदलावी. मोटर फूटबोर्डच्या मागे उंचावर बसवलेल्या आणि पट्ट्याने किंवा गिअरने चाक फिरवणाऱ्या स्कूटरांना थोडी अधिक मुभा असते आणि काही कंपन्या अशा गाडीसाठी पाण्याची कमाल खोली मिलिमीटरमध्ये सांगतात. तो आकडा दिलेला असेल, तर आयपी अंकापेक्षा तोच अधिक विश्वासाचा, कारण तो पूर्ण गाडीचा असतो. पाण्याखाली खड्डा किंवा उघडे गटार असण्याची शक्यता या कोणत्याही आकड्यात धरलेली नाही, हे सांगायला नकोच.

धुताना काय बिघडते

वॉशिंग सेंटरवरचे साधे प्रेशर पंपही १०० बारच्या आसपास दाब देतात. सहाव्या अंकाच्या परीक्षेतली धार याच मापात जेमतेम एक बारची असते आणि तीही अडीच मीटर दूरून मारलेली. पंपाची तोटी मात्र धुणारा माणूस वीतभर अंतरावर धरतो. हा मार केवळ नवव्या अंकाच्या परीक्षेत मोजला जातो आणि स्कूटरच्या भागांवर तो अंक सहसा नसतो. पुस्तिकेतल्या मनाईचे कारण एवढे सरळ आहे.

दाबापेक्षाही कमी लक्षात येणारा प्रश्न पाण्याच्या दिशेचा आहे. पाऊस वरून येतो, म्हणून स्कूटरची झाकणे, फूटबोर्डखालचे कनेक्टर आणि निचऱ्याची छिद्रे वरून आलेले पाणी खाली निघून जाईल अशी बसवलेली असतात. फवारा खालून वर मारला की हीच रचना उलटी पडते, निचऱ्याचे छिद्र पाण्याचे प्रवेशद्वार होते आणि फूटबोर्डखाली चिखल काढण्याच्या नादात नेमके तेच केले जाते.

तिसरी गोष्ट पाण्यात मिसळलेल्या पदार्थांची. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि श्वासछिद्राचा पडदा तर पृष्ठताणाच्याच भरवशावर पाणी अडवतो. सौम्य शॅम्पू भरपूर पाण्यात मिसळून वापरला आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन टाकला, तर बिघडत नाही. पण वंगण काढणारी तीव्र रसायने तिथे साचू देणे वाईट. आपल्याकडच्या गॅरेजांतली डिझेल किंवा रॉकेल मारून गाडी चकचकीत करण्याची जुनी पद्धत पेट्रोलच्या गाडीलाही फारशी मानवत नव्हती; ई-स्कूटरवर ती सर्वस्वी टाळावी, कारण पाणी अडवण्यासाठी वापरली जाणारी अनेक प्रकारची रबरे खनिज तेलाने फुगतात, मऊ पडतात आणि नंतर मूळ आकारात येत नाहीत.

धुण्याची योग्य रीत साधी आहे. गाडी बंद करून सावलीत निदान अर्धा तास निवू द्यावी, म्हणजे वर सांगितलेली आतली ओढ उरत नाही. चार्जिंगच्या तोंडाचे झाकण बंद आहे आणि त्याच्या रबरी कडेत वाळू अडकलेली नाही, हे पाहावे. वाळूचा एक कण गॅसकेट निकामी करण्यास पुरेसा असतो. मग बादली आणि फडक्याने किंवा तोटी न लावलेल्या बागेच्या पाइपने, वरून खाली, संथ पाणी सोडत धुवावे. दर्शनी पडदा, हँडलवरची बटणे, सीटचे कुलूप, चार्जिंगचे तोंड आणि हब मोटरच्या तारांची जागा ओल्या फडक्याने पुसावी, त्यांवर थेट पाणी सोडू नये. वाळवण्यासाठी पंक्चरवाल्याकडची हवेची बंदूक कनेक्टरवर जवळून मारणे टाळावे, कारण बाहेरचा थेंब ती आत ढकलते. शेवटी चार-दोन वेळा हलका ब्रेक लावून ब्रेक कोरडे करावेत आणि चार्जिंगचे तोंड पूर्ण सुकल्याखेरीज, साधारणतः दोन-तीन तास, चार्जर जोडू नये. चार्जर जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा आणि त्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असावा; ही शिफारस जिवाच्या रक्षणासाठी आहे, बॅटरीच्या नव्हे.

बिघाड कसा ओळखावा

धुतल्यानंतर गाडी जागची हलेनाशी झाली, तर बहुतेकांचे पहिले भय बॅटरीचे असते, पण दोष अनेकदा फारच क्षुल्लक जागी निघतो. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो आणि ब्रेक दाबला की तो मोटरचा प्रवाह तोडतो. त्याच्यात पाणी गेले, तर ब्रेक दाबलेलाच आहे असे गाडीला वाटते आणि ती चालत नाही. मागचा लाल दिवा ब्रेक न दाबता पेटलेला राहणे ही त्याची खूण. साइड स्टँडच्या सेन्सरचेही असेच होते. हे दोष वाळल्यावर पुष्कळदा आपोआप जातात.

काळजीची चिन्हे निराळी असतात आणि ती काही दिवसांनी दिसतात. पडद्याच्या काचेआड धुके धरणे, चार्जिंगच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड जमणे, मागच्या चाकातून घरघर येणे, चालताना मोटर मध्येच हिसके देणे या खुणा पाणी आत जाऊन राहिल्याच्या आहेत. हब मोटरमधले हिसके बहुधा चुंबकाची स्थिती ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या बिघाडाने येतात. विजेचा प्रवाह एकाच दिशेचा असल्याने ओल्या कनेक्टरमध्ये तांबे झपाट्याने झिजते, आणि गाडी चालू स्थितीत जितका वेळ ओली राहील तितकी ही झीज अधिक होते.

संपूर्ण गाडी पुरात बुडाली असेल, तर ती सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ती ढकलत मोकळ्या जागी, इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून दूर नेऊन ठेवावी आणि सेवा केंद्राला बोलवावे. पाणी खारे असेल, तर ही खबरदारी दुप्पट महत्त्वाची. २०२२ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात इयन चक्रीवादळाने समुद्राचे पाणी वस्तीत घुसले, तेव्हा त्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारींना पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी आगी लागल्या होत्या. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि ते सुकले तरी मागे राहिलेला क्षार ओल धरून सेलच्या टोकांमध्ये वाहक पूल बांधतो. आयपीची परीक्षा गोड्या पाण्यात होते. कोकण किनारपट्टीवर किंवा मुंबईत खाडीलगत राहणाऱ्यांनी हा भेद विशेष ध्यानात घ्यावा.

आयपी अंक नव्या, न उघडलेल्या नमुन्याला मिळालेला असतो. सतत दाबाखाली राहून रबर चपटे होत जाते आणि त्याची उसळी कमी होते. म्हणून पाच वर्षांच्या स्कूटरची बॅटरी कागदावर ६७ असली, तरी तिच्याकडून नव्याची अपेक्षा धरता येत नाही. दुरुस्तीसाठी बॅटरीचे किंवा मोटरचे झाकण एकदा उघडले गेले, की जुने गॅसकेट पुन्हा बसवणे ही नेहमीची चूक ठरते. काम झाल्यावर नवे गॅसकेट घातले का, स्क्रू ठरलेल्या ताकदीने आवळले का आणि पेटीत हवेचा हलका दाब भरून तो काही मिनिटे टिकतो की घटतो ही गळती-चाचणी केली का, असे तीन प्रश्न गाडी ताब्यात घेताना विचारावेत आणि त्यांची उत्तरे कामाच्या बिलावर लिहून घ्यावीत.